कोपऱ्याविना वळण

पंपांच्या घरघरीची सवय व्हायला तुम्हाला जरा वेळ लागेल. साल १९३२, गाव लायडन. स्टेनस्खूर कालव्याकाठच्या ज्या इमारतीत तुम्ही उभे आहात, तिथेच १० जुलै १९०८ रोजी हाइके कामर्लिंग ओन्नेस यांनी हेलियमचा पहिल्यांदा द्रव केला. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता हेलियमचं काम विलेम केसोम बघतात. जिन्यावरून काचेच्या नळ्या सांभाळत जाणारी निळ्या डगल्यातली पोरं इथल्याच कारागीर-शाळेतली आहेत. काच फुंकणं आणि धातू कातणं ती इथे शिकतात.

तुम्हाला बघायचं आहे ते एका दुहेरी भिंतीच्या काचेच्या भांड्यात. आतून चांदीचा मुलामा आहे आणि मुलाम्यात एक उभी फट मोकळी ठेवली आहे. तिला डोळा लावा. आत पाण्यासारखाच, पण इतका फिकट द्रव आहे की त्याची पातळी शोधावी लागते. हे हेलियम, तापमान ४.२ केल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम चार अंश वर. ते उकळतंय. आता पंप वरची वाफ ओढू लागतो. दाब उतरतो, तसं तापमानही उतरतं आणि द्रव आणखीच खवळतो, बुडबुडे सगळीकडून उसळतात. दाबमापी पाऱ्याच्या अडतीस मिलिमीटरांवर येतो आणि एका क्षणात सगळे बुडबुडे गायब. पंप चालूच आहे, बाष्पीभवन चालूच आहे, पण द्रव आरशासारखा निश्चल. दुसऱ्यांदा बघायचं असेल तर पंप थोडा ढिला करायला सांगा. तापमान किंचित वर गेलं की उकळी परत येते.

इथल्या लोकांना हे दृश्य नवं नाही. पण ते ठसठशीतपणे लिहून छापलं ते याच वर्षी टोरंटोच्या मॅक्लेनन यांनी. वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट नोंदवायची राहून जाते, ती अशी. केसोम आणि वॉल्फके यांनी १९२७ मध्येच सांगून ठेवलं होतं की द्रव हेलियमची दोन रूपं आहेत, एक या तापमानाच्या वरचं आणि एक खालचं. प्रश्न उरला तो वेगळाच. एका रूपातून दुसऱ्या रूपात जाणं हे बर्फ वितळण्यासारखं आहे का?

बर्फाची परीक्षा तुम्हाला माहीत आहे. एक किलो बर्फाला शंभर वॉटच्या तारेनं एकसारखी उष्णता देत राहा. तापमान शून्य सेल्सिअसला येतं आणि तिथेच अडकतं. जवळजवळ ५६ मिनिटं तापमापीचा काटा हलत नाही, कारण ३३४ किलोज्यूल उष्णता फक्त वितळण्यात खर्च होते. शाळेच्या पुस्तकात हिलाच अप्रकट उष्मा म्हणतात. त्या वेळात भांड्यात बर्फ आणि पाणी दोन्ही असतात, दोघांमधली सीमा बोटानं दाखवता येते, आणि बर्फाचं पाणी होताना आकारमान आठ-नऊ टक्क्यांनी घटतं. काटा अडकणं, दोन अवस्थांनी शेजारी-शेजारी नांदणं, आकारमानानं उडी घेणं: तिन्ही खुणा एकत्रच येतात.

आता हेलियमची तीच परीक्षा. शेजारच्या खोलीत तांब्याचं एक लहान भांडं द्रव हेलियमनं भरून निर्वातात टांगलेलं आहे. त्याला एक तापवायची तार आणि फॉस्फर-ब्राँझची एक बारीक तार आहे. दुसऱ्या तारेचा विद्युतरोध मोजला की तापमान कळतं. गॅल्व्हॅनोमीटरच्या आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका भिंतीवरच्या पट्टीवर पडतो. मोजणाऱ्यांत केसोमांची मुलगी आना पेट्रोनेला आहे. बापलेकीचा निबंध याच वर्षी अॅमस्टरडॅमच्या अकादमीच्या वृत्तात येणार आहे.

ठरलेल्या मापाचा विजेचा झटका द्या, ठिपका किती सरकला ते टिपा, पुन्हा झटका द्या. दोन केल्विनच्या आसपास ठिपका बऱ्यापैकी सरकतो. पुढच्या झटक्याला थोडा कमी, त्यापुढच्याला आणखी कमी. म्हणजे हेलियम दर अंशाला जास्त जास्त उष्णता गिळतंय. तुम्हाला वाटतं, आता ठिपका थांबणार आणि बर्फासारखा अडकून बसणार. तो थांबत नाही. २.१९ केल्विनला (आजच्या तापमानश्रेणीत २.१७६८) सरकणं अगदी बारीक होतं आणि पुढच्याच झटक्याला ठिपका एकदम मोठी ढांग टाकतो. विशिष्ट उष्मा शिखरावरून कोसळलेला असतो. अप्रकट उष्मा कुठेच सापडला नाही. दोन रूपं शेजारी-शेजारी दिसली नाहीत. आकारमानाचा आलेखही अखंड, फक्त त्याला या जागी वळण आहे.

आलेख कागदावर काढा. डावीकडून चढत जाणारी रेघ, टोकदार शिखर, उजवीकडे झपकन उतार. ग्रीक लॅम्डा अक्षरासारखा. तेव्हापासून या जागेला लॅम्डा बिंदू म्हणतात आणि नाव सुचवणारा माणूस इथून पायी जाण्याच्या अंतरावर राहतो. त्याच्याकडेच जाऊ.

व्हिटे रोझेनस्ट्राट, घर क्रमांक ५७. घराचा आराखडा तातियाना अफानासयेवा यांचा. त्या स्वतः गणिती आणि पाउल एरेनफेस्ट यांच्या पत्नी. आत तंबाखू चालत नाही, दारू मिळत नाही. एका भिंतीवर पाहुण्यांच्या सह्या आहेत आणि त्यांत आइन्स्टाइनची सही शोधायचा मोह तुम्हाला आवरणार नाही. एरेनफेस्ट १९१२ मध्ये लोरेंत्सच्या गादीवर इथे आले. समोरच्याला नेमकं काय म्हणायचं आहे ते कळल्याशिवाय पुढे सरकू न देणारा शिक्षक अशी त्यांची ख्याती. दर बुधवारी संध्याकाळी त्यांचं चर्चासत्र भरतं. फळ्याजवळ बसा.

फळ्यावरची राशी एकच आहे, मुक्त ऊर्जा, अक्षर G. तापमान आणि दाब ठरवून दिले की पदार्थ ज्या अवस्थेत G सर्वांत कमी भरते ती अवस्था पत्करतो. एवढ्या एका नियमातून सगळं निघतं. तापमान आडवं आणि G उभी घेऊन बर्फाची एक रेघ काढा, पाण्याची दुसरी. दोन्ही उतरत्या, पण पाण्याची जास्त उतरती. शून्य सेल्सिअसला त्या एकमेकींना छेदतात. त्याआधी बर्फाची रेघ खाली, त्यानंतर पाण्याची. पदार्थ नेहमी खालच्या रेघेवरून चालतो, म्हणून छेदापाशी त्याच्या वाटेला कोपरा येतो. G तिथे तुटत नाही; तिचा उतार मात्र एकदम बदलतो.

आणि उतार म्हणजे नुसती भूमिती नव्हे. तापमानानुसार G चा उतार काढून चिन्ह उलटं केलं की एन्ट्रॉपी मिळते. दाबानुसार उतार काढला की आकारमान मिळतं. उतारानं उडी घेतली म्हणजे एन्ट्रॉपीनं उडी घेतली, आणि त्या उडीला तापमानानं गुणलं की अप्रकट उष्मा हातात येतो. बर्फाच्या तिन्ही खुणा एकत्र का येतात ते आता दिसतं: त्या एकाच कोपऱ्याच्या सावल्या आहेत.

मग हेलियमचं काय? तिथे अप्रकट उष्मा नाही, म्हणजे एन्ट्रॉपी अखंड, म्हणजे G ला कोपरा नाही. पण विशिष्ट उष्मा हा उताराचा उतार आहे, गणिताच्या भाषेत G चा दुसरा डेरिव्हेटिव्ह, डोळ्यांना दिसणारी वक्रता. तिथे गडबड आहे. लायडनला येताना तुमच्या आगगाडीनं एखादं वळण घेतलं असेल ते आठवा. सरळ रूळ थेट वर्तुळाच्या कमानीला जोडला तर कुठेही कोपरा नसतो, दिशा सलग राहते, चाक रुळावरून उतरत नाही. तरी जोडावर प्रवासी कलंडतो, कारण वक्रता शून्यावरून एका झटक्यात कमानीच्या वक्रतेवर गेलेली असते. रेल्वेचे इंजिनिअर म्हणूनच मध्ये हळूहळू वाकत जाणारा तुकडा घालतात. निसर्गानं हेलियममध्ये तो घातलेला नाही, असं १९३२ च्या मोजमापांवरून दिसत होतं.

अॅमस्टरडॅम, २५ फेब्रुवारी १९३३, शनिवार. क्लोव्हेनियर्सबुर्खवालच्या काठावरच्या ट्रिपेनहाउसमध्ये विज्ञान अकादमीची बैठक आहे. आज नोंदला जाणारा एरेनफेस्ट यांचा निबंध काही पानांचाच आहे आणि जर्मन भाषेत आहे. जर्मनीत हिटलर चॅन्सेलर होऊन महिना भरत आलाय. परवा बर्लिनमध्ये राइशस्टाग जळेल. व्हिएन्नात ज्यू घरात जन्मलेला हा माणूस जर्मनीतल्या सहकाऱ्यांच्या चिंतेत आहे आणि स्वतः खोल निराशेत आहे. सप्टेंबरात तो आयुष्य संपवेल. निबंधात यातलं काही नाही. त्यात एक साधा, जवळजवळ हिशेबनीसाचा प्रस्ताव आहे: अवस्थांतराची जात G च्या डेरिव्हेटिव्हवरून ठरवा. पहिल्याच डेरिव्हेटिव्हनं उडी घेतली तर पहिल्या कोटीचं अवस्थांतर. पहिला सलग राहून दुसऱ्यानं उडी घेतली तर दुसऱ्या कोटीचं. तिसऱ्या-चौथ्या कोटीलाही दार उघडं ठेवलेलं आहे, पण त्या दारानं फारसं कोणी आलं नाही.

प्रस्ताव नुसता नावं ठेवण्यापुरता असता तर त्यासाठी एवढ्या लांब यायची गरज नव्हती. त्यातून मोजता येणारी भाकितं निघतात. पहिल्या कोटीत क्लापेरॉनचं समीकरण आहे: वितळणबिंदू दाबानं किती सरकेल ते अप्रकट उष्मा आणि आकारमानाची उडी यांच्या भागाकारातून कळतं. बर्फाचे आकडे घाला. वितळणबिंदू एक अंशानं उतरवायला साधारण १३३ वातावरणांचा दाब लागतो असं उत्तर येतं. दुसऱ्या कोटीत हेच समीकरण चालवायला गेलात तर वर शून्य, खाली शून्य. एरेनफेस्ट तिथे एक पायरी खाली उतरतात. एन्ट्रॉपी दोन्ही बाजूंना सारखी आहे एवढंच धरून ते पुढचा डेरिव्हेटिव्ह घेतात, आणि सीमारेषेचा कल विशिष्ट उष्म्याच्या उडीशी जोडला जातो.

हे ताडून बघायला हेलियमपेक्षा कथील बरं. तेच कथील, ज्याची आपल्याकडे भांड्यांना कल्हई होते. ३.७२ केल्विनच्या खाली ते अतिवाहक होतं, विद्युतरोध नाहीसा होतो. पण पुरेसं चुंबकक्षेत्र लावलं की अतिवाहकता मोडते, आणि जितकं तापमान कमी तितकं ती मोडायला क्षेत्र जास्त लागतं. म्हणजे इथे दाबाची जागा चुंबकक्षेत्रानं घेतली आहे. सामान्य आणि अतिवाहक अवस्थांच्या G मधला फरक त्या मोडणाऱ्या क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असतो:

G(सामान्य) − G(अतिवाहक) = V·Hc² / 8π

याचा तापमानानुसार उतार काढा. वर्गाचा उतार, म्हणून त्यात Hc स्वतः गुणक म्हणून येतो. ३.७२ केल्विनला Hc शून्य, म्हणून तिथे उतारातला फरक शून्य, म्हणून अप्रकट उष्मा शून्य. पुन्हा एकदा उतार काढा. आता एक पद असं उरतं ज्यात Hc नाही, फक्त त्याच्या कलाचा वर्ग आहे, आणि ते शून्य नाही. विशिष्ट उष्म्याची उडी त्यातूनच येते: ΔC = V·T·(dHc/dT)² / 4π. हे सूत्र एरेनफेस्ट यांच्या निबंधाबरोबरच आलं, रुटखर्स यांच्या नावानं.

पाटीवर आकडे मांडा. कथलाच्या एका मोलचं आकारमान १६.३ घन सेंटिमीटर, तापमान ३.७२, आणि त्या टोकाला Hc चा कल दर अंशाला साधारण १५० गॉस. उत्तर येतं ०.०११ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. आता वेगळ्याच प्रयोगाकडे, कॅलरीमीटरकडे वळा. केसोम आणि कोक यांनी १९३२ मध्ये कथलात ही उडी पाहिली, आणि आजची मोजमापं ०.०१०६ च्या आसपास आहेत. एका प्रयोगात नुसती चुंबकाची वेटोळी, दुसऱ्यात नुसती उष्णता, आणि दोन्ही एकाच आकड्यावर येऊन भेटतात. मला विचाराल तर त्या निबंधाची खरी कमाई नावांत नाही, या जुळणीत आहे.

अर्थात एक उसनवारी होती. वरचं समीकरण चालायला सामान्य-अतिवाहक हा बदल उलटसुलट करता येण्याजोगा हवा, आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याची खात्री कोणालाच नव्हती. ती त्याच वर्षी बर्लिनमध्ये मिळाली. माइस्नर आणि ओक्सनफेल्ड यांनी दाखवलं की अतिवाहक होताना धातू आपल्यातलं चुंबकक्षेत्र बाहेर लोटतो, आधी क्षेत्र लावलेलं असलं तरीही.

कथलाचा तुकडा अजून खाली ठेवू नका. त्याच्याभोवती वेटोळं बसवा, तापमान ३ केल्विनवर पक्कं करा आणि क्षेत्र वाढवत न्या. साधारण १०६ गॉसला अतिवाहकता मोडते. पण आता Hc शून्य नाही, म्हणून उतारातला फरकही शून्य नाही. हिशेब केलात तर मोलमागे ०.००५५ ज्यूल इतका अप्रकट उष्मा निघतो. बर्फाच्या मोलमागे लागणाऱ्या ६,००० ज्यूलच्या मानानं हा दहा लाखांश भागाएवढा, पण शून्य नव्हे. क्षेत्र नसताना जे अवस्थांतर दुसऱ्या कोटीचं, तेच क्षेत्र लावल्यावर पहिल्या कोटीचं झालं. कोटी ही पदार्थाची जात नाही. सीमारेषा तुम्ही कुठे ओलांडता त्यावर ती ठरते. व्यवहारातही फरक जाणवतो. क्षेत्रात कथील थंड करताना ते कधी कधी ठरलेल्या तापमानाच्या खाली जाऊनही सामान्यच राहतं आणि मग एकदम उलटतं, जसं निवळ पाणी शून्याखाली जाऊनही गोठायचं राहतं. जाताना एक तापमान आणि येताना दुसरं अशी तफावत दिसली की पहिल्या कोटीचा संशय घ्यावा, अप्रकट उष्मा मोजण्याइतका मोठा नसला तरीही.

१९३४, बर्लिन. माक्स फॉन लाउए आणि युस्टी यांनी एरेनफेस्टच्या चित्रावर आक्षेप घेतला आहे आणि तो इतका सोपा आहे की तुम्ही चमकाल. कागद घ्या. पहिल्या कोटीत दोन रेघा छेदतात हे ठीक. दुसऱ्या कोटीत छेद नाही, कारण छेदापाशी दोघींचे उतार सारखे हवेत. म्हणजे दोन वक्र एकमेकांना फक्त स्पर्श करतात, आणि वक्रता वेगळी असेल तर जो डावीकडे खाली तोच उजवीकडेही खाली! वरच्याच समीकरणात बघा. टोकापाशी Hc हे तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात आहे, म्हणून G मधला फरक त्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि वर्ग दोन्ही बाजूंना धनच. मग कथील ३.७२ च्या वरही अतिवाहकच राहायला हवं. अवस्थांतर व्हायचं कारणच उरत नाही.

चूक कुठे आहे ते जरा वेळ स्वतः शोधा. ती रेघेच्या उजव्या तुकड्यात आहे. बर्फाची रेघ शून्याच्या वर ओढता येते, कारण शून्याच्या वरचं बर्फ ही निदान कल्पना करता येण्याजोगी गोष्ट आहे. पण ३.७२ च्या वर अतिवाहक कथील अशी वस्तूच नाही. खाली अतिवाहक इलेक्ट्रॉनांचं प्रमाण काही एक असतं, तापमान वाढतं तसं ते आटत जातं आणि ३.७२ ला शून्य होतं. शून्याच्या पुढे आटायला काही उरत नाही. अतिवाहक रेघ तिथे संपते आणि सामान्य रेघेत विलीन होते. दोन स्वतंत्र अवस्थांची ही शर्यत नव्हेच, एकाच अवस्थेत काहीतरी नव्यानं उगवतं किंवा मावळतं. त्या उगवणाऱ्या राशीला १९३७ मध्ये लेव्ह लँडाउंनी सिद्धांताच्या मध्यभागी बसवलं. आज तिला ऑर्डर पॅरामीटर म्हणतात. पहिल्या कोटीत ती उडी मारून येते, दुसऱ्या कोटीत शून्यापासून उगवते.

एवढ्यावर सगळं मिटलं असं वाटत असतानाच परत हेलियमकडे जायची वेळ येते. १९५७ चा सुमार, नॉर्थ कॅरोलायनातलं ड्यूक विद्यापीठ. फेअरबँक, बकिंगहॅम आणि केलर्स तेच जुनं मोजमाप करताहेत, पण केसोमांचा ठिपका जिथे अंशाच्या शंभराव्या भागाशी झुंजत होता तिथे यांची नजर दशलक्षांश अंशापर्यंत पोचते.

लॅम्डा बिंदूपासून ०.१ अंश दूर उभे राहा. खालच्या बाजूला विशिष्ट उष्मा ग्रॅममागे साधारण ७.५ ज्यूल, वरच्या बाजूला २.३. फरक ५.२. एरेनफेस्टला हवी तशी छान उडी. आता दहापट जवळ जा, ०.०१ अंशावर. खाली १०.५, वर ५.३. फरक तोच, पण दोन्ही आकडे तीननं वाढलेत. आणखी दहापट जवळ गेलात की पुन्हा तीन तीननं वाढ. दशलक्षांश अंशावर खाली २२.५ आणि वर १७.३. उडीचा आकडा जिथल्या तिथे, आणि उडीच्या दोन्ही काठांची उंची चढतेच आहे. जवळ जाऊन पायरीची कड बघावी तर कड सापडत नाही. हा लॉगरिदमचा चढ आहे. लार्स ऑन्सागर यांनी १९४४ मध्ये द्विमितीय चुंबकाच्या आयसिंग प्रतिकृतीचं जे गणित काटेकोरपणे सोडवलं होतं, त्यातही नेमका असाच चढ निघाला होता आणि त्यातही एरेनफेस्टची पायरी नव्हती. चढ अनंतापर्यंत जात असला तरी लॉगरिदम इतका सावकाश वाढतो की त्याखालचं क्षेत्रफळ मर्यादितच राहतं आणि शिखरापाशी एन्ट्रॉपीची उडी शून्यच येते. म्हणजे केसोम बापलेकीला अप्रकट उष्मा सापडला नाही हे बरोबरच होतं.

मग कथलात पायरी इतकी स्वच्छ का? कारण कथलात जोडीनं चालणारे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून शेकडो अणूंच्या अंतरावर असतात आणि एका जोडीच्या पसाऱ्यात दुसऱ्या असंख्य जोड्या मावतात. प्रत्येकीवर बाकीच्यांचा सरासरी परिणाम होतो आणि जागोजागचे चढउतार सरासरीत बुजून जातात. ते दिसण्याइतकं टोकाजवळ जायचं तर कुठलीही तापमापी पुरी पडत नाही. हेलियमच्या अणूचा व्यवहार मात्र शेजारपाजारच्या अणूंशीच असतो. लॅम्डा बिंदूजवळ चढउतारांचे पट्टे मोठे मोठे होत जातात आणि विशिष्ट उष्म्याचा चढ त्यांच्यामुळेच आहे. एरेनफेस्टच्या चित्रात या चढउतारांना जागाच नव्हती. म्हणून आज सरळ दोनच खाती मानतात, पहिल्या कोटीची अवस्थांतरं आणि सलग अवस्थांतरं. ‘दुसरी कोटी’ हे नाव दुसऱ्या खात्याला सवयीनं चिकटून राहिलं आहे.

शेवटचा मुक्काम जमिनीवर नाही. ऑक्टोबर १९९२, स्पेस शटल कोलंबिया, पृथ्वीभोवतीची कक्षा. सामानाच्या कप्प्यात स्टॅनफर्डच्या जॉन लिपा यांच्या गटानं पाठवलेलं हेलियमचं कॅलरीमीटर आहे. एवढा खटाटोप हेलियमच्या वजनामुळे. पृथ्वीवर भांड्याच्या तळाशी दाब वरच्यापेक्षा थोडा जास्त असतो आणि दाबानं लॅम्डा बिंदू सरकतो. एक सेंटिमीटर उंचीमागे अंशाचा सव्वा दशलक्षांश. म्हणजे वरचं हेलियम अजून अलीकडे आणि तळाचं पलीकडे, असं एकाच भांड्यात होतं आणि शिखर पुसट होतं. कक्षेत वजन जवळजवळ नाहीसं होतं, आणि लॅम्डा बिंदूपासून अंशाच्या काही अब्जांश भागांपर्यंत जाता येतं.

तिथे दिसलेलं शिखर लॉगरिदमचंही नाही. चढ घातांकाच्या नियमानं जातो आणि घातांक निघाला −०.०१२७, तीन-चार दशसहस्रांशांच्या आत. शून्य असता तर शुद्ध लॉगरिदम झाला असता. उणे असल्याचा अर्थ असा की विशिष्ट उष्मा अनंत होत नाही. टोकाला त्याला एक मर्यादित उंची आहे, फक्त तिथे पोचताना चढ उभा होत जातो. ड्यूकच्या मंडळींना दशलक्षांश अंशावरून हा फरक दिसणं शक्यच नव्हतं. इकडे सिद्धांतवाल्यांनी याच अवस्थांतराच्या संगणकीय प्रतिकृतींवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली. त्यांचा आकडा −०.०१५ च्या आसपास स्थिरावला आहे. दोघांनी आपापल्या अनिश्चिततेच्या सांगितलेल्या मर्यादा मिळवल्या तरी मधली फट बुजत नाही, आणि यांपैकी कुणाचा हिशेब चुकतोय ते अजून ठरलेलं नाही.